माणसं कमी भरली की मोजणीच चुकली? जनुकीय अभ्यासातल्या एका जुन्या कसोटीविषयी

नोव्हेंबर 2018 मध्ये हे च्यानख्वे या चिनी संशोधकाने जाहीर केलं की त्याने भ्रूणावस्थेतच जनुकं बदललेल्या दोन जुळ्या मुली जन्माला आल्या आहेत. जगभर गदारोळ झाला. त्याने हात घातलेल्या जनुकाचं नाव सीसीआर5. एचआयव्हीचे बहुतेक विषाणू पेशीत शिरताना या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचा दारासारखा वापर करतात. युरोपीय वंशाच्या काही लोकांत या जनुकातली डीएनएची 32 अक्षरं जन्मतःच गळालेली असतात. या बदलाला 'डेल्टा-32' म्हणतात. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून अशीच तुटकी प्रत मिळाली, तर ते दार तयारच होत नाही आणि माणसाला एचआयव्हीपासून बरंच संरक्षण मिळतं. भारतात हा बदल फार क्वचित सापडतो.

मग जून 2019 मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये एक शोधनिबंध आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रातल्या दोन संशोधकांनी लोकांची जनुकीय आणि आरोग्याची माहिती साठवणाऱ्या ब्रिटनच्या 'यूके बायोबँक'मधल्या चार लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली होती. त्यांचा निष्कर्ष असा, की दोन्ही प्रती तुटक्या असणाऱ्यांचा मृत्युदर इतरांपेक्षा सुमारे 21 टक्क्यांनी जास्त आहे. बातमी सगळीकडे पोचली आणि 'बघा, त्या मुलींचं आयुष्यच कमी केलं' असा सूर लागला. चार महिन्यांनी, ऑक्टोबर 2019 मध्ये, संशोधकांनी तो निबंध मागे घेतला.

या सगळ्याच्या मुळाशी 1908 सालची एक साधी बेरीज-गुणाकाराची कसोटी होती. जनुक आणि आजार यांचा संबंध शोधणाऱ्या जवळजवळ प्रत्येक निबंधात तिचा उल्लेख एका ओळीत उरकलेला असतो: 'हार्डी-वाइनबर्ग समतोलापासून ढळलेले बिंदू वगळले.' बिंदू म्हणजे जनुकसंचातली तपासलेली एकेक जागा. वाचणारे ती ओळ ओलांडून पुढे जातात. ती ओळ म्हणजे नेमकं काय, आणि तिच्यावरून चार लाख लोकांचा अभ्यास कसा घसरला, ते पाहू.

## आधी जोडी समजून घेऊ

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. एखाद्या माणसाकडे कोणत्या दोन प्रती आहेत, या जोडीला जीनोटाइप म्हणतात. मी इथे सरळ 'जोडी' म्हणेन. सीसीआर5 च्या बाबतीत तीनच जोड्या शक्य आहेत: दोन्ही प्रती शाबूत असलेली 'साधी' जोडी, एक शाबूत आणि एक तुटकी अशी 'मिश्र' जोडी, आणि दोन्ही तुटक्या असलेली 'दुहेरी' जोडी.

आता एका पोत्यात चिंचोके भरले आहेत असं समजा. त्यातले 10 टक्के सारीपाटासाठी एका बाजूने घासून पांढरे केलेले आणि 90 टक्के तसेच काळे. पोतं नीट हलवून, डोळे मिटून प्रत्येकाने दोन चिंचोके काढायचे. पहिला पांढरा निघण्याची शक्यता दहात एक, दुसरा पांढरा निघण्याचीही दहात एक. म्हणजे दोन्ही पांढरे निघतील शंभरात एकाला. दोन्ही काळे निघतील शंभरात 81 जणांना. एक काळा, एक पांढरा अशी जोडी दोन क्रमांनी येऊ शकते, म्हणून ती 9 अधिक 9, म्हणजे 18 जणांना. झाली बेरीज शंभर.

हाच तो समतोल. शाबूत प्रतीचं प्रमाण p आणि तुटक्या प्रतीचं q धरलं, तर सूत्र असं:

p² + 2pq + q² = 1

शाळेतलं वर्गविस्ताराचं सूत्रच आहे हे. रेजिनल्ड पनेट या जनुकशास्त्रज्ञाने आपला क्रिकेटमधला जोडीदार, केंब्रिजचा गणिती जी. एच. हार्डी, याच्यापुढे हा प्रश्न ठेवला. हार्डीने 1908 मध्ये 'सायन्स'ला लहानसं पत्र लिहून तो निकालात काढला. रामानुजनना केंब्रिजला बोलावणारा हार्डी तो हाच. त्याच वर्षी श्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनीही स्वतंत्रपणे हेच मांडलं होतं, म्हणून दोघांची नावं एकत्र आली.

## पण लोक डोळे मिटून लग्न करतात का?

नाहीच करत. आपल्याकडे तर मुळीच नाही. तरीही ही कसोटी बहुतेक वेळा टिकते, कारण तिला लागणारं 'डोळे मिटणं' फक्त त्या एका जनुकापुरतं असतं. मुलगा शिकलेला आहे का, घरचे कसे आहेत, पत्रिका जुळते का, हे पाहिलं जातं. सीसीआर5 ची प्रत कोणती आहे हे कोणी पाहत नाही. त्यामुळे त्या जनुकापुरत्या जोड्या जणू पोत्यातून काढल्यासारख्याच जुळतात, आणि एका पिढीतच प्रमाण या सूत्रावर येतं.

मात्र पोतं एकच असायला हवं, आणि इथे भारतीय अभ्यासकाला ब्रिटिश अभ्यासकापेक्षा जास्त जपावं लागतं. समजा एका समाजात एखाद्या बदलाचं प्रमाण 20 टक्के आहे आणि दुसऱ्यात तो बदल अजिबात नाही. दोन्हींत आपापसात लग्नं होत नाहीत. पहिल्यातले 500 लोक घेतले, तर सूत्राप्रमाणे दुहेरी 20, मिश्र 160 आणि साधे 320. दुसऱ्यातले 500 घेतले, तर सगळेच साधे. दोन्ही गट आपापल्या जागी अगदी समतोलात आहेत. आता दोघांची यादी एक करून हजार लोकांचा एक अभ्यास केला, तर एकूण प्रमाण 10 टक्के होतं आणि सूत्र सांगतं की दुहेरी 10 आणि मिश्र 180 हवेत. प्रत्यक्षात आहेत 20 आणि 160. दुहेरी दुप्पट, मिश्र कमी. कोणी चुकलेलं नाही, यंत्रही ठीक आहे. फक्त दोन पोती एकत्र ओतली गेली. जातीपोटजातींत शतकानुशतकं आपापसात लग्नं होत आलेल्या समाजात एखाद्या रुग्णालयाने 'पुण्यातले 1000 निरोगी लोक' असा एकच गट धरला, तर हे हमखास घडू शकतं. जवळच्या नात्यातल्या लग्नांचा परिणामही याच दिशेने जातो.

## कसोटी लावायची कशी?

मोजलेल्या आणि अपेक्षित आकड्यांत फरक थोडा तर पडणारच. प्रश्न असतो तो फरक योगायोगाने पडण्याइतकाच आहे का, हा. त्यासाठी प्रत्येक जोडीचा फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, अपेक्षित आकड्याने भागायचं आणि तिन्हींची बेरीज करायची. ही बेरीज 3.84 च्या वर गेली, तर तेवढा फरक नुसत्या योगायोगाने विसात एखाद्या वेळीच पडेल, असा तिचा अर्थ.

वरच्या हजार लोकांत दुहेरींचा फरक 10, त्याचा वर्ग 100, भागिले 10, म्हणजे 10. मिश्रांचा फरक 20, वर्ग 400, भागिले 180, म्हणजे सुमारे 2.2. साध्यांचा वाटा अगदी किरकोळ, 0.1. बेरीज 12.3. म्हणजे हजारात एकदाही योगायोगाने पडणार नाही असा हा फरक आहे.

दुर्मिळ बदलांत दुहेरी जोड्या दोन-चारच अपेक्षित असतात, तेव्हा हा भागाकार भरवशाचा राहत नाही. मग सगळ्या शक्य मांडण्या मोजून नेमकी शक्यता काढतात. या क्षेत्रात सर्रास वापरली जाणारी 'प्लिंक' ही आज्ञावली तेच करते:

```
plink --bfile study --hardy
plink --bfile study --hwe 1e-6 --make-bed --out study_qc
```

पहिली ओळ प्रत्येक बिंदूसाठी तक्ता छापते. त्यातल्या `O(HET)` आणि `E(HET)` या रकान्यांत मिश्र जोड्यांचं मोजलेलं आणि अपेक्षित प्रमाण शेजारी शेजारी दिसतं. दुसरी ओळ, ज्यांचा फरक योगायोगाने पडण्याची शक्यता ठरवलेल्या उंबरठ्यापेक्षा, इथे दहा लाखात एकापेक्षा, कमी आहे ते बिंदू सरळ काढून टाकते. बरेचसे विद्यार्थी फक्त दुसरी ओळ चालवतात. माझ्या मते खरी माहिती पहिलीत असते, कारण मिश्र जोड्या कमी आहेत की जास्त, हे तीच सांगते. कमी असतील तर मिसळलेले गट किंवा एक प्रत वाचायची राहून जाणं, यांवर संशय जातो. जास्त असतील तर दुहेरी जोड्या मिश्र म्हणून वाचल्या गेल्या असण्याची, किंवा जनुकसंचातल्या दोन सारख्या दिसणाऱ्या जागा एकच समजून वाचल्या गेल्या असण्याची शक्यता वाढते.

इथे विसात एक असा सैल उंबरठा चालत नाही. एका वेळी लाखो बिंदू तपासले जातात. दहा लाख बिंदू घेतले तर त्यांतले 50 हजार निव्वळ योगायोगानेच अडकतील. म्हणून उंबरठा दहा लाखात एक किंवा त्याहूनही कडक ठेवतात.

## रुग्णांत की निरोगी लोकांत?

निरोगी गटात. आजाराशी एखाद्या बदलाचा खरोखर संबंध असेल, तर रुग्णांत दुहेरी जोड्यांची गर्दी होणं स्वाभाविक आहे. आपण शोधतोय ते नेमकं तेच असतं. रुग्णांवर हाच कडक उंबरठा लावला तर जे शोधायला निघालो तेच चाळणीतून फेकून देऊ. म्हणून कसोटी तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांवर लावतात. प्लिंकच्या 1.9 आवृत्तीतली `--hwe` आज्ञाही रुग्ण आणि निरोगी अशी नोंद असेल तर रुग्णांना आपोआप बाजूला ठेवते. रुग्णांवर लावायचीच झाली तर बराच सैल उंबरठा लावतात, म्हणजे फक्त अगदी उघड बिघाड पकडले जातात. एक्स गुणसूत्रावरचे बिंदू असतील तर कसोटी फक्त स्त्रियांवर लावायची, कारण पुरुषांत त्याची एकच प्रत असते आणि एका प्रतीची जोडी कुठून होणार?

## मग बर्कलीच्या अभ्यासात काय झालं?

त्यांचा तर्क वरवर चोख होता. बायोबँकमध्ये नाव नोंदवलं तेव्हा लोकांचं वय 40 ते 69 होतं. दुहेरी जोडीमुळे माणसं लवकर मरत असतील, तर त्यांतली काही नोंदणीपर्यंत पोचलीच नसतील. म्हणजे नोंदणी झालेल्यांत दुहेरी जोड्या सूत्रापेक्षा कमी भरायला हव्यात. त्यांनी मोजलं आणि त्या कमी भरल्या. नोंदणीनंतरच्या मृत्यूंच्या आकड्यांतही धोका जास्त दिसला. दोन वेगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत होते.

पण हे दोन पुरावे एकाच वाचनावर उभे होते. लाखो बिंदू एका वेळी वाचणाऱ्या बायोबँकच्या चिपवर डेल्टा-32 थेट मोजलेला नव्हता. त्याच्या जागी rs62625034 नावाचा बिंदू प्रतिनिधी म्हणून वापरला होता. ब्रिस्टल विद्यापीठातल्या शॉन हॅरिसन या संशोधकाने निबंध आल्यावर थोड्याच दिवसांत त्याच बायोबँकेत, डेल्टा-32 सोबत जवळजवळ नेहमी वारशाने येणारे दुसरे बिंदू घेऊन हिशोब केला. मृत्युदरातली वाढ दिसेना. पुढे हार्वर्डच्या डेव्हिड राइश यांच्या गटासह इतरांनीही तपासलं. उलगडा असा झाला, की rs62625034 चं वाचन दुहेरी जोड्या खऱ्यापेक्षा कमी मोजत होतं. माणसं मेली नव्हती, ती दुसऱ्या रकान्यात बसली होती.

## चार लाखांत ही चूक लपली कशी?

मला यातला हाच भाग सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. खऱ्या अभ्यासात नेमक्या किती जोड्या चुकल्या ते बाजूला ठेवू आणि कल्पित पण वास्तवाच्या जवळचे आकडे घेऊ. लोक 4 लाख, तुटक्या प्रतीचं खरं प्रमाण 11.5 टक्के. सूत्राप्रमाणे दुहेरी 5,290, मिश्र 81,420 आणि साधे 3,13,290. आता चिपने दर दहा दुहेरींपैकी एकाला मिश्र म्हटलं. म्हणजे 529 जण एका रकान्यातून दुसऱ्यात गेले. कागदावर दिसतील दुहेरी 4,761 आणि मिश्र 81,949.

तपासणाऱ्याला खरं प्रमाण माहीत नसतं. तो दिसणाऱ्या आकड्यांतूनच प्रमाण काढतो. त्याला ते 11.43 टक्के मिळतं आणि त्यावरून अपेक्षित दुहेरी निघतात 5,229. म्हणजे 468 जण कमी, जवळजवळ 9 टक्के. कसोटीची बेरीज येते 53 च्या वर. इतका फरक योगायोगाने पडणं जवळपास अशक्यच.

मग बायोबँकने प्राथमिक तपासणीत हा बिंदू का नाही अडवला? त्या तपासणीत सगळे नमुने एकत्र घेतलेले नव्हते. नमुने 106 तुकड्यांत वाचले गेले होते आणि कसोटी तुकडीगणिक लावली होती. तसं करण्यात शहाणपण आहे, कारण एखाद्या तुकडीपुरता बिघाड त्यामुळे उठून दिसतो. पण एका तुकडीत साधारण 4,700 लोक. आपल्या कल्पित आकड्यांनुसार तिथे दुहेरी अपेक्षित 62, आणि चुकून हललेले सहा. बासष्टाच्या जागी छप्पन्न भरले तर कोण दचकेल? कसोटीची बेरीज तिथे भरते जेमतेम 0.6. त्यात उंबरठा होता एक भागिले दहाचा बारावा घात, म्हणजे बेरीज 50 च्या वर गेली तरच बिंदू अडणार. प्रत्येक तुकडीत सारखीच, लहानशी, एकाच दिशेची चूक असेल तर अशी चाळणी तिला कधीच पकडणार नाही. तुकड्या एकत्र केल्या की तीच चूक डोंगराएवढी होते, आणि मग ती 'शोध' म्हणून दिसू लागते.

त्यामुळे 'बायोबँकने तपासून दिलेला डेटा आहे' हे वाक्य पुरेसं नसतं. चाळणीची भोकं सरसकट सगळ्या बिंदूंसाठी ठरवलेली असतात. तुमचा अख्खा निष्कर्ष ज्या एका बिंदूवर उभा आहे, त्याला वेगळी, हाताने केलेली तपासणी लागते.

## एवढी मोठी संख्या असताना किरकोळ चुका बुजून जात नाहीत का?

योगायोगाच्या चुका बुजतात, एका दिशेच्या चुका बुजत नाहीत. उलट संख्या वाढेल तशी कसोटी अधिकाधिक बारीक ढळणं पकडते. चार लाखांत एक-दोन टक्क्यांची तूटही ठळक दिसू लागते. म्हणून मोठ्या अभ्यासात 'ढळलंय का' यापेक्षा 'किती ढळलंय' हा प्रश्न जास्त कामाचा.

आपल्याच कल्पित आकड्यांवर तो विचारून पाहू. समजा नोंदणीच्या वयापर्यंत शंभरात दहा जण मरण पावतात. दुहेरी जोडीचा मृत्युदर 21 टक्के जास्त असेल, तर त्यांच्यातले बारा मरतील. उरले 90 च्या जागी 88. म्हणजे मृत्यूमुळे पडणारी तूट असेल दोन टक्क्यांच्या आसपास. कागदावर तूट दिसतेय नऊ टक्के. हे दोन आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. कारण म्हणून जे सांगितलं जातंय ते एवढी तूट पाडू शकत नाही, हे साध्या त्रैराशिकाने कळतं.

लहान अभ्यासात अडचण उलटी असते. दोनशे लोकांत लावलेली कसोटी फार ढोबळ ढळणंच पकडते. 'आमचे सगळे बिंदू समतोलात होते' असं दोनशे जणांच्या अभ्यासात वाचलं, तर त्यातून वाचन बरोबर होतं हे सिद्ध होत नाही. चूक असती तरी दिसली नसती, एवढंच कळतं.

## ढळणं खरंही असू शकतं ना?

असतं. सिकलसेल घ्या. विदर्भात आणि नंदुरबार-गडचिरोलीच्या अनेक आदिवासी समाजांत हा बदल बराच आढळतो. दुहेरी जोडी असलेल्यांना गंभीर आजार होतो आणि उपचार न मिळाल्यास त्यांतली अनेक मुलं लहानपणीच दगावतात. अशा भागात प्रौढांची तपासणी केली आणि दुहेरी जोड्या सूत्रापेक्षा कमी निघाल्या, तर त्यामागे खरंच मृत्यू असू शकतात. पण तसं म्हणायला आपल्याकडे बाकीचा आधार असतो: आजार माहीत आहे, नवजात बाळांत दुहेरी जोड्या अपेक्षेइतक्या सापडतात का ते तपासता येतं, आणि रक्ताची अगदी वेगळी चाचणी करून तेच उत्तर येतं का हेही पाहता येतं.

कसोटी फक्त काहीतरी जुळत नाही एवढं सांगते. माणसं मेली, गट मिसळले, की वाचन चुकलं, यांतलं एकही ती निवडून देत नाही. अनुभवी मंडळी वाचनावर पहिला संशय घेतात, कारण तेच सर्वांत जास्त वेळा घडतं.

## तर ढळलेल्या बिंदूचं करायचं काय?

सरसकट फेकून देणं सोपं असतं, आणि लाखो बिंदूंच्या पाहणीत ते चालूनही जातं. पन्नास-शंभर बिंदू गेले तरी शेजारचे बिंदू बरीचशी तीच माहिती देतात. पण अभ्यास मोजक्या जनुकांचा असेल, किंवा मुख्य निष्कर्षच त्या बिंदूवर असेल, तर एकेक कारण खोडून काढावं लागतं.

पहिल्यांदा कच्च्या वाचनाचं चित्र काढून पाहायचं. चिप प्रत्येक माणसासाठी दोन प्रकारच्या खुणांची तीव्रता मोजते. आलेखावर हजारो ठिपके टाकले की त्यांचे तीन पुंजके दिसायला हवेत, एकेका जोडीचा एकेक. पुंजके सुटे आणि मध्ये मोकळी जागा असेल तर वाचन भरवशाचं. दुहेरींचा पुंजका मिश्रांच्या पुंजक्याला चिकटलेला असेल, किंवा मधल्या पट्ट्यात ठिपके विखुरलेले असतील, तर संगणकाने मारलेल्या सीमारेषेच्या चुकीच्या बाजूला काही माणसं जाणारच. हे चित्र पाहायला दोन मिनिटं लागतात. तरी ते पाहण्याचा कंटाळा केला जातो, कारण लाखभर बिंदूंची चित्रं कोण पाहणार? पण आपल्याला फक्त एकाचंच पाहायचं असतं.

त्याच वेळी वाचताच न आलेले नमुने किती आणि ते कोणाचे, हेही पाहायचं. एकाच प्रकारच्या जोड्या वाचताना यंत्र वारंवार 'माहीत नाही' म्हणत असेल, तर उरलेल्यांचं प्रमाण आपोआप बिघडतं. मग लोकांचे गट वेगळे करून पुन्हा कसोटी लावायची. गटागटांत सगळं जुळलं आणि एकत्रच ढळलं, तर चिपचा दोष नाही, मिसळ झाली आहे. विश्लेषणही गटवार किंवा वंशाचा फरक हिशोबात धरून करायला हवं. शेवटी दुसऱ्या पद्धतीने पडताळायचं: शेजारचा बिंदू, किंवा थोड्या नमुन्यांचं अक्षर-न्-अक्षर थेट वाचन. हॅरिसनने केलेलं काम यातलं शेजारच्या बिंदूचं होतं, आणि त्यासाठी नवा नमुना, नवी प्रयोगशाळा काहीच लागलं नव्हतं.

एवढं करूनही कारण सापडलं नाही, तर बिंदू ठेवून आणि बिंदू वगळून असे दोन्ही निकाल द्यायचे. ठेवायचा असेल तर हिशोबाची पद्धतही जपून निवडावी लागते. प्रती सुट्या मोजून, म्हणजे 500 लोकांच्या 1000 प्रती धरून केलेली तुलना समतोल गृहीतच धरते. तो नसेल तर तिचे आकडे फसवे निघतात. माणूस हाच घटक धरून, त्याच्याकडे तुटक्या प्रती शून्य, एक की दोन, अशा चढत्या क्रमाने धोका पाहणारी पद्धत समतोलावर अवलंबून नसते.

## निबंधात काय लिहिलेलं असावं?

जनुकीय संबंधांचे अभ्यास कसे मांडावेत यासाठी 2009 मध्ये 'स्ट्रेगा' नावाची मार्गदर्शक यादी आली. समतोल तपासला का आणि तपासला असेल तर कसा, हे सांगा, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे. चांगल्या निबंधातला हा परिच्छेद साधारण असा असतो: 'निरोगी गटात, प्रत्येक समाजगटात स्वतंत्रपणे, नेमकी शक्यता काढणारी कसोटी लावली. उंबरठा आधीच ठरवला होता. इतके बिंदू ढळले. त्यांतल्या इतक्यांचे पुंजके चिकटलेले होते म्हणून ते वगळले. एका बिंदूचं वाचन नीट होतं आणि थेट वाचनाशीही जुळलं, म्हणून तो ठेवला. तो वगळला तरी निष्कर्ष बदलत नाही.' पाच-सहा वाक्यंच, पण त्यांतून वाचणाऱ्याला कळतं की कोणीतरी चित्र उघडून पाहिलं होतं. उंबरठा किती, कोणत्या गटात आणि वगळलेल्यांचं कारण काय, यांपैकी काहीच न सांगता नुसतं 'ढळलेले बिंदू वगळले' असं लिहिलेलं दिसलं, तर त्या निष्कर्षाकडे थोडं सावधपणे पाहावं.

## म्हणजे दुहेरी जोडी निर्धोक ठरली का?

तसंही नाही. 2020 मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्येच प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीने इतकंच म्हटलं, की यूके बायोबँकच्या माहितीत आयुष्य कमी झाल्याचा सांख्यिकीय पुरावा नाही. दुहेरी जोडीचे लोक मुळात शंभरात एखाददुसरे. त्यांच्या आयुष्यावर लहानसा परिणाम असेल तर तो पकडायला चार लाख लोकही कदाचित पुरणार नाहीत. वेस्ट नाइल विषाणूचा संसर्ग झाल्यावर अशा लोकांत आजाराची लक्षणं दिसण्याचा धोका जास्त असतो, हे त्याआधी वेगळ्या अभ्यासांतून समोर आलं होतं आणि त्याला rs62625034 शी काही देणंघेणं नव्हतं. शिवाय चीनमधल्या त्या मुलींच्या जनुकात झालेले बदल हुबेहूब डेल्टा-32 नव्हतेच. ब्रिटनमधल्या दुहेरी जोड्यांची मोजणी अगदी अचूक असती, तरी तिच्यावरून त्या दोघींच्या आयुष्याबद्दल फारसं काही सांगता आलं नसतं.